पासवर्ड रिसेटचं मेल येतच नाही, नेमकं काय काय आणि कशानंतर काय बघायचं?

विट्याचा_पाव्हणा
मंडळी, वैतागलोय. एक ऑनलाइन कोर्सचं पोर्टल आहे (नाव नको, उगाच धागा तिकडे जाईल), तिथं मी २०२२ ला एक कोर्स पूर्ण केला होता. आता बढतीच्या फाइलला त्याचं सर्टिफिकेट लावायचंय आणि पासवर्ड आठवत नाही. "पासवर्ड विसरलात?" वर क्लिक केलं, ईमेल टाकला, वर हिरवी पट्टी आली की मेल पाठवलं जाईल म्हणून, आणि मेल काही येईना. परत दाबलं, परत हिरवी पट्टी, परत काही नाही. स्पॅम बघितलं, तिथं लॉटरीवाले आहेत फक्त. नवीन अकाउंट काढलं तर जुनं सर्टिफिकेट जाणार. आस्थापनेचे क्लार्क रोज विचारतायत. हार मानायच्या आधी अजून काय बघता येईल? कृपया क्रमाने सांगा, मी कॉम्प्युटरवाला नाही.

खटपट्या
प्रमोशन्सचा टॅब बघ, अपडेट्सचा बघ. तिथंही नसेल तर २४ तास थांब, सर्व्हर बिझी असला की मेल उशिरा येतात. माझंही एकदा दुसऱ्या दिवशी आलं होतं.

रेवती_पी
मेल सर्व्हर सांभाळणं हाच माझा रोजचा धंदा आहे म्हणून जरा लांबण लावते.

आधी ते बटण दाबणं थांबवा. बऱ्याच साइटवर नवीन लिंक मागितली की आधीची मरते, आणि सारखं मागत राहिलं की काही वेळ साइट गुपचूप पाठवणंच बंद करते, हिरवी पट्टी मात्र तीच दाखवत राहते. खटपट्यांचं थांबण्याचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. समोरच्या सर्व्हरने "आत्ता नाही, नंतर या" म्हटलं तर पाठवणारा सर्व्हर थोड्या वेळाने परत प्रयत्न करतो, म्हणून पंधरा मिनिटं ते तासभर उशीर होऊ शकतो. पण दुसऱ्या दिवशी आलेल्या रिसेट मेलचा उपयोग काय, त्यातली लिंक बहुतेक ठिकाणी तासाभरात किंवा त्याच्याही आधी मरते. तेव्हा एकदा मागायचं, तासभर थांबायचं, नाही आलं तर कारण शोधायचं.

आता ती हिरवी पट्टी नीट वाचा. त्यात "जर" आहे का बघा. बहुतेक अशी असते:

```
If an account exists for this email, you will receive a link shortly.
```

म्हणजे अकाउंट असो वा नसो, पट्टी तीच. मुद्दाम तसं करतात, नाहीतर कोणीही चोर हजार पत्ते टाकून कुणाकुणाचं खातं आहे ते काढून घेईल. तुमच्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की मेल पाठवलं असं त्या पट्टीने कबूल केलेलं नाहीये. सगळे लोक मेल कुठे गेलं ते शोधत बसतात, पण पहिला प्रश्न मेल निघालं का हा आहे.

खात्री करायची तर तुमचाच दुसरा एखादा पत्ता, जो त्या पोर्टलला कधीच दिला नाही, तो टाकून बघा. तरी तीच पट्टी आली तर तिच्यावर विसंबायचं नाही.

सुभाषकाका
माझाही हाच त्रास आहे. जीमेलचा पासवर्ड विसरलो, रिसेट करायला गेलं की त्याच जीमेलवर मेल पाठवतो म्हणतंय, आता ते उघडू कसं? कुलपाची चावी कुलपातच ठेवल्यासारखं झालंय.

रेवती_पी
काका, तुमचं वेगळं आहे, जीमेलच बंद असेल तर गूगलच्या रिकव्हरी पानावरून जावं लागेल, आणि ते शक्यतो घरच्याच वायफायवर, ज्या मोबाइलवर आधी लॉगिन होतं त्याच मोबाइलवरून करा, तिथं ओळख पटायची शक्यता जास्त असते. वेगळा धागा काढा, इथं गोंधळ होईल.

पाव्हणं, आता तुम्ही. कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, मोबाइलच्या ॲपवर भरवसा नको, तिथं कधी सिंक बंद असतो, कधी तीन अकाउंट असतात आणि आपण बायकोच्या इनबॉक्सात शोधत बसतो. वरच्या सर्चमध्ये हे टाका, `from:` नंतर तुमच्या पोर्टलचं डोमेन:

```
in:anywhere from:portal.example
```

`in:anywhere` नाही टाकलं तर जीमेलचा साधा सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये बघतच नाही. लोक सर्च करतात, "काही नाही" येतं आणि समजतात की आलंच नाही.

यातून मला दोन गोष्टी हव्यात. एक, त्या पोर्टलचं सगळ्यात जुनं मेल, म्हणजे "वेलकम" किंवा "ईमेल व्हेरिफाय करा" वालं, ते कोणत्या पत्त्यावर आलंय. नावाखालच्या छोट्या बाणावर क्लिक केलं की पूर्ण पत्ता दिसतो, अक्षर अन् अक्षर वाचा. दोन, त्यांच्याकडून आलेलं सगळ्यात शेवटचं मेल कोणत्या महिन्यातलं आहे. हे दुसरं कोणी विचारत नाही, पण निम्मं उत्तर तिथंच असतं.

अनुजा_क
डॉटचं पण बघा हो! माझं नाव आणि आडनावाच्या मध्ये डॉट आहे जीमेलमध्ये, आणि डॉट न टाकता तो दुसऱ्याच कुणाचा पत्ता होतो. माझे मेल दुसऱ्या बाईला जात होते बहुतेक.

निनाद_पलीकडचा
@अनुजा, तसं नाही. जीमेल डॉट मोजतच नाही. डॉट टाका, नका टाकू, पाच टाका, इनबॉक्स तोच, दुसऱ्या कुणाला ते नाव मिळूच शकत नाही. भानगड वेबसाइटकडे असते. वेबसाइटच्या डेटाबेसला डॉटवाला आणि बिनडॉटवाला हे दोन वेगळे पत्ते वाटतात. तुम्ही अकाउंट काढताना डॉट टाकला आणि आता रिसेटला टाकला नाही तर साइट म्हणणार असं कुणी नाहीच, आणि गप्प बसणार. मेल कधीच निघणार नाही. म्हणून रेवती अक्षर अन् अक्षर म्हणतेय. आणि आयफोनवरून "Hide My Email" वापरून अकाउंट काढलं असेल तर साइटकडे तुमचा पत्ताच नसतो, ॲपलने बनवलेला भलताच असतो, मग जीमेल टाकून जन्मभर दाबत बसा.

अजून एक: "गूगलने साइन इन करा" वापरून आत गेला असाल तर त्या अकाउंटला पासवर्डच नसतो. काही साइट अशा वेळी रिसेटचं मेल पाठवतच नाहीत. ते बटण दाबून बघितलंय का?

कोथरूडची_काकू
ऑफिसचा पत्ता दिला असेल तर मात्र हे सगळं सोडा आणि आयटीवाल्याकडे जा. आमच्याकडे मायक्रोसॉफ्टचं मेल आहे, संशयास्पद वाटलेलं मेल इनबॉक्सातही येत नाही, जंकमध्येही नाही, क्वारंटाइनमध्ये अडकतं. `security.microsoft.com/quarantine` इथं आपलं आपल्याला थोडंफार दिसतं, पण काही मेल फक्त ॲडमिनच सोडू शकतो. आणि आमच्याकडे तर वेगळीच गंमत, मेल येतं पण सुरक्षावालं सॉफ्टवेअर आपल्या आधी लिंक उघडून तपासतं, लिंक एकदाच चालणारी, मग आपण क्लिक केलं की "एक्स्पायर्ड". मी सगळ्या खासगी गोष्टींना घरचा पत्ता देते आता. नोकरी सुटली की ऑफिसचा पत्ता जातो तो वेगळाच ताप.

विट्याचा_पाव्हणा
बसलो आज निवांत. सांगतो.

गूगलने साइन इन नव्हतं, पासवर्डच होता. आयफोन आपल्याकडे नाही. वेलकम मेल सापडलं, २०२२ चं, पत्ता हाच, डॉट नाही काही नाही, मी टाकतोय तस्साच. म्हणजे अकाउंट आहे आणि पत्ता बरोबर आहे.

शेवटचं मेल ऑगस्ट २०२३ चं. त्याच्या आधी दर आठवड्याला काही ना काही यायचं, नवीन कोर्स, सवलत, अमुकतमुक. ऑगस्टनंतर एकही नाही. मला वाटलं बरंच झालं, कटकट गेली.

शेजारच्या लॅबमधल्या मॅडमचं पण त्याच पोर्टलवर अकाउंट आहे, त्यांना रिसेट मारायला सांगितलं तर चहा संपायच्या आत मेल आलं. त्यांचाही जीमेलच.

रेवती_पी
पाव्हणं, तुम्ही न सांगता मॅडमवाली टेस्ट केलीत ते झकास. त्यातून पोर्टलचं पाठवणं चालू आहे आणि जीमेल त्यांना सरसकट अडवत नाहीये हे कळलं. म्हणजे प्रश्न तुमच्या आणि त्यांच्या मधलाच आहे.

लिहायच्या आधी तुमच्या बाजूच्या दोन जागा. जीमेलच्या सेटिंगमध्ये "Filters and Blocked Addresses" उघडा, तिथं त्या पोर्टलचं नाव किंवा "थेट डिलीट करा" वाला एखादा जुना फिल्टर आहे का. शेजारच्याच टॅबवर फॉरवर्डिंग, कुठे भलतीकडे पाठवलं जातंय का. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि एक प्रश्न: ऑगस्ट २०२३ च्या आसपास तुमचं जीमेल फुल झालं होतं का? ती पंधरा जीबीची लाल पट्टी?

विट्याचा_पाव्हणा
फिल्टर एकच आहे, वीजबिलाचा, तो मीच केलेला. फॉरवर्डिंग काही नाही.

लाल पट्टी आली होती की! भाचीच्या लग्नाचे व्हिडिओ सगळे फोटोमध्ये चढले होते आपोआप. किती दिवस होती आठवत नाही, मी तिच्याकडे लक्षच दिलं नाही, मग बँकेचं मेल येईना तेव्हा पोराने व्हिडिओ हार्डडिस्कवर टाकले. आता नऊ जीबी दाखवतंय. पण हे तर कधीच झालं, आता बाकी सगळ्यांची मेलं येतात की.

रेवती_पी
तेच तर. बाकी सगळ्यांची येतात, यांचीच येत नाहीत, आणि बंद झाली तीही त्याच सुमाराला.

ती पंधरा जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो तिघांत मिळून असते. भरली की जीमेल येणारं मेल परत पाठवतं. पाठवणाऱ्याला आधी साधारण हा पहिला कोड मिळतो, म्हणजे "आत्ता जागा नाही, नंतर बघा", आणि पुढे दुसरा, म्हणजे "नाही घेत":

```
452 4.2.2
552 5.2.2
```

पोर्टलवाले हजारो लोकांना मेल पाठवतात. परत येणाऱ्या पत्त्यांवर पाठवत राहिलं तर जीमेल, याहू सगळ्यांकडे त्यांचीच पत घसरते. म्हणून त्यांच्याकडे एक यादी असते, मेल परत आलं की पत्ता त्या यादीत जातो, आणि पुढे त्या पत्त्यासाठी काहीही निघालं तरी त्यांच्याच दारात थांबतं. तुमचं जीमेल रिकामं झालं हे त्या यादीला कोण सांगणार? ती आपोआप साफ होईलच असं नाही. वेबसाइटचा प्रोग्रॅम म्हणतो "पाठवलं", हिरवी पट्टी येते, आणि मेल त्यांच्या दारातून बाहेरही पडत नाही. अशा वेळी तुम्ही स्पॅम चाळा नाहीतर इनबॉक्स, सापडणार काही नाही.

निनाद_पलीकडचा
थोडी असहमती. यादी असते हे खरं, पण मेलबॉक्स फुल हा तात्पुरता बाउन्स धरतात. ॲमेझॉनच्या सेवेचं मला माहितीये, तिथं पत्ताच अस्तित्वात नाही असा पक्का बाउन्स आला किंवा तक्रार आली तरच नाव यादीत जातं, फुल झालं म्हणून जात नाही. मला वाटतं पाव्हण्यांनी त्या जाहिरातींना वैतागून "स्पॅम" दाबलं असणार.

रेवती_पी
ॲमेझॉनचं बरोबर आहे तुझं. पण सगळे ॲमेझॉनवरून पाठवत नाहीत, आणि न्यूजलेटरवाली बरीच सॉफ्टवेअरं लागोपाठ काही वेळा फुल मिळालं की पत्ता बंद करतात. यांचं तर दर आठवड्याला मेल यायचं, म्हणजे परत जाण्याची संधीही दर आठवड्याला.

स्पॅमबद्दल मात्र नाही पटत. याहू, आउटलुक पाठवणाऱ्याला कळवतात की अमक्याने स्पॅम म्हटलं. जीमेल असं एकेकाचं नाव कळवत नाही, एकूण प्रमाण तेवढं दाखवतं. तेव्हा जीमेलवर स्पॅम दाबून नाव त्यांच्या तक्रारींच्या यादीत जाणं अवघड. "Unsubscribe" दाबलं असेल तर गोष्ट वेगळी, नीट बांधलेल्या साइटवर त्याने फक्त जाहिराती थांबतात, पण काही आळशी लोकांनी जाहिराती आणि रिसेट दोन्हींना एकच यादी ठेवलेली असते.

विट्याचा_पाव्हणा
अनसबस्क्राइब दाबलं का ते खरंच सांगता येत नाही. जाहिरात बघून काहीतरी दाबलं असेलही. मग आता करायचं काय? त्यांच्या हेल्पमध्ये गेलो तर तिकीट टाकायला आधी लॉगिन करा म्हणतंय. हसावं का रडावं!

खटपट्या
गूगलवर त्यांचा कस्टमर केअर नंबर शोध आणि सरळ फोन लाव, दहा मिनिटांत करून देतात.

कोथरूडची_काकू
अजिबात नको!! सर्चमध्ये वर येणारे असे कितीतरी नंबर भामट्यांचे असतात. गोड बोलतात, मोबाइलवर स्क्रीन दिसणारं ॲप टाकायला लावतात, मग ओटीपी मागतात, आणि तुमचं सर्टिफिकेट राहतं बाजूला, खातं साफ. आमच्या सोसायटीत झालंय. नंबर घ्यायचाच तर त्या साइटच्या स्वतःच्या पानावरून. आणि कुणाचे पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

रेवती_पी
+१ काकू.

पाव्हणं, साइटच्या अगदी तळाशी "संपर्क" किंवा प्रायव्हसी पॉलिसीचं पान बघा, तिथं बहुधा लॉगिनशिवाय चालणारा ईमेल पत्ता असतो. तुमच्याकडे त्यांची जुनी मेलं आहेत, त्यांच्या तळाशीही असतो कधीकधी. त्याच जीमेलवरून लिहा, म्हणजे खातं तुमचंच याला थोडा आधार मिळतो, आणि उत्तरही तिथं येतं का ते कळतं, कारण सपोर्टची उत्तरं बऱ्याचदा वेगळ्या यंत्रणेतून जातात.

"मेल येत नाही" एवढंच लिहाल तर "स्पॅम तपासा" एवढंच उत्तर येईल. असं काहीतरी लिहा, त्यांच्या भाषेत करून:

> माझा पत्ता हा आहे, याच पत्त्यावर तुमचं २०२२ चं वेलकम मेल आलेलं आहे. आज सकाळी १०.१५ वाजता, भारतीय वेळेनुसार, मी रिसेट मागितलं, ते आलं नाही. स्पॅम, ट्रॅश, फिल्टर तपासलेत, मेलबॉक्समध्ये जागा आहे. दुसऱ्या जीमेल पत्त्यावर तुमचं रिसेट मेल येतं. ऑगस्ट २०२३ नंतर तुमचं एकही मेल मला आलेलं नाही. माझा पत्ता तुमच्या बाउन्स, सप्रेशन किंवा अनसबस्क्राइब यादीत आहे का ते बघून काढा.

पासवर्ड, आधार, ओटीपी यातलं काहीही लिहू नका. वेळ मात्र मिनिटासकट लिहा, त्यांना लॉगमध्ये तीच शोधावी लागते.

विट्याचा_पाव्हणा
पाठवलं. पहिलं उत्तर आलं: कृपया स्पॅम फोल्डर तपासा. 😑 परत तेच चिकटवून पाठवलं. दुसरं आलं: "आमच्याकडून मेल पाठवलेलं दिसतंय, कृपया तुमच्या ईमेल प्रोव्हायडरशी संपर्क करा." आता गूगलशी कुठे संपर्क करू?

रेवती_पी
"पाठवलेलं दिसतंय" यावर सोडू नका. पाठवलं आणि पोहोचलं यात फरक आहे. त्यांना एवढंच विचारा: जीमेलच्या सर्व्हरने ते मेल स्वीकारल्याची `250` ने सुरू होणारी ओळ तुमच्या लॉगमध्ये आहे का? असेल तर ती वेळेसकट पाठवा. ती ओळ असली तर मी माझे शब्द मागे घेते, मग मेल जीमेलमध्येच कुठेतरी आहे आणि परत `in:anywhere` ने शोधायचं. ती नसली तर मेल त्यांच्याकडेच पडलंय. हा प्रश्न गेला की तिकीट पहिल्या टेबलावरून तांत्रिक माणसाकडे सरकतं असा माझा अनुभव.

सुभाषकाका
मुलीने घरच्या वायफायवरून जुन्या मोबाइलवर केलं, जीमेल उघडलं. धन्यवाद रेवतीताई. आता दुसरी अडचण. माझ्या एका सरकारी साइटच्या खात्याचं रिसेट मेल येत नाही. ते खातं नेट कॅफेवाल्याने काढून दिलं होतं.

निनाद_पलीकडचा
काका, मग जवळजवळ खात्रीने त्याने स्वतःचा ईमेल टाकलाय. गावोगाव हेच चालतं, गिऱ्हाइकाकडे ईमेल नसतो नाहीतर आठवत नाही, मग पोरगा एकच पत्ता शंभर जणांना लावतो. तुम्ही तुमचा पत्ता टाकून दाबताय, साइट म्हणते असं कुणी नाही. त्याने दिलेली प्रिंट शोधा, पावतीवर पत्ता अर्धा झाकलेला का होईना छापलेला असतो.

विट्याचा_पाव्हणा
आलं!!! २५० चा प्रश्न टाकल्यावर दोन दिवस शांतता, मग वेगळ्याच नावाच्या माणसाचं उत्तर: "तुमचा पत्ता आमच्या मेल यंत्रणेत निष्क्रिय होता, सक्रिय केला आहे, पुन्हा प्रयत्न करा." दाबलं तर मिनिटभरात मेल. पण मी उतावळा, तेवढ्यात दुसऱ्यांदा पण दाबलं होतं, मग पहिल्या मेलमधली लिंक उघडली तर "लिंक अवैध". पोटात गोळा आला. मग सगळ्यात खालचं, शेवटचं मेल उघडलं, ते चाललं. जीमेलने दोन्ही एकाखाली एक जोडून ठेवलेली त्यामुळे कळलंच नाही कुठलं नवीन. सर्टिफिकेट डाउनलोड केलं, दोन ठिकाणी ठेवलं, क्लार्कसाहेबांच्या टेबलावर प्रिंट पोचली.

निनाद_पलीकडचा
अभिनंदन! पण "निष्क्रिय" कशामुळे ते सांगितलं का? फुल झालं म्हणून की अनसबस्क्राइब म्हणून?

विट्याचा_पाव्हणा
विचारलं, त्यावर उत्तर नाही, तिकीट बंद करून टाकलं.

रेवती_पी
मी अजून फुलवरच आहे. 🙂

सुभाषकाका
प्रिंट सापडली. पत्ता झाकलेला आहे पण पहिली दोन अक्षरं दिसतायत, माझी नाहीत. कॅफे कधीच बंद झाला, तिथं आता चपलांचं दुकान आहे, आणि तो पोरगा पुण्याला गेला म्हणतात.

रेवती_पी
काका, मोबाइल नंबर तरी तुमचाच लावलाय का बघा. त्या साइटवर ओटीपीने आत जाता येत असेल तर आत जाऊन सगळ्यात आधी ईमेल बदला, रिसेटची गरजच नाही. नंबरही त्याचाच असेल तर मग ऑनलाइन काही होणार नाही, ओळखपत्र आणि ती प्रिंट घेऊन त्यांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्यावा लागेल. आधी नंबरचं बघून इथं लिहा.